मूळ गेम, डीएलसी की कम्प्लीट एडिशन? विकत घेण्याआधी कोणत्या क्रमानं काय तपासायचं

स्टीमचा उन्हाळी आणि हिवाळी सेल संपला की इंदूरच्या आमच्या गेमिंगवाल्या मंडळींत त्याच त्या तक्रारी सुरू होतात. कुणी एपिकवर फुकट मिळालेल्या गेमसाठी स्टीमवरून डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायची जास्तीची सामग्री, घेतलेलं असतं आणि ते लागतच नाही. कुणी ‘गोल्ड’ घेतलेली असते आणि हवा तो एक्सपान्शन नेमका तिच्यात नसतो. कुणी एक्सपान्शन घेऊन महिना झाला तरी त्याच्या दारापर्यंतच पोचलेलं नसतं. पैसे जातात ते गेम महाग असतो म्हणून नव्हे. लोक आधी सवलतीचा आकडा बघतात आणि आत काय आहे ते नंतर, म्हणून जातात.

खाली दिलेला क्रम उलटा केलात तर तो निरुपयोगी आहे. किंमत पाचव्या टप्प्यावर येते, त्याआधी ती बघूच नका. सलग उदाहरणासाठी ‘सिव्हिलायझेशन ६’ घेतो, कारण आवृत्त्यांचा इतका गुंता फार थोड्या गेमांनी घातला आहे आणि आमच्याकडे तो खेळणारेही बरेच आहेत.

## तयारी: कागदावर चार ओळी

दुकानाचं पान उघडण्याआधी चार गोष्टी लिहून काढा.

पहिली, मूळ गेम तुमच्याकडे आहे का आणि असेल तर नेमका कुठे: स्टीमवर, एपिकवर, प्लेस्टेशनच्या डिस्कवर, की गेम पाससारख्या सदस्यत्वात. दुसरी, त्या गेमची कोणती डीएलसी आधीच तुमच्या खात्यात आहेत. स्टीमवर लायब्ररीत गेमच्या नावावर राइट-क्लिक करून `Properties` आणि मग `DLC` उघडलं की यादी दिसते. तिसरी, गेम तुम्ही आतापर्यंत किती खेळलात आणि कुठे थांबलात. चौथी, एकटे खेळता की मित्रांसोबत, आणि मित्र कोणत्या दुकानावर आहेत.

यातली पहिली ओळ लोक सर्वांत हलक्यात घेतात. मे २०२० मध्ये एपिकनं ‘सिव्हिलायझेशन ६’चा मूळ गेम आठवडाभर फुकट दिला होता. त्या आठवड्यात अनेकांनी तो खात्यात टाकून ठेवला आणि विसरून गेले. पुढे स्टीमवर एक्सपान्शनवर मोठी सवलत दिसली की हात तिकडे वळतो. पण एपिकवरच्या गेमला स्टीमचं डीएलसी जोडलं जात नाही आणि स्टीमवरच्या गेमला एपिकचं नाही. स्टीमवर डीएलसीच्या पानावर वरच्या बाजूला रंगीत पट्टीत लिहिलेलंच असतं की या सामग्रीसाठी स्टीमवरचा मूळ गेम लागेल. ती पट्टी वाचा.

इशारा: गेम पास किंवा प्लेस्टेशन प्लसमधून खेळत असाल तर विकत घेतलेलं डीएलसी तुमचंच राहतं, पण ते चालायला मूळ गेम लागतो. सदस्यत्व संपलं किंवा गेम त्या यादीतून बाहेर गेला की डीएलसी नुसतं खात्यात पडून राहतं. अशा गेमचं मोठं एक्सपान्शन घेण्याआधी मूळ गेम स्वतंत्रपणे किती रुपयांना पडेल तेही बघून ठेवा. तुमचा खरा खर्च या दोन्हींची बेरीज आहे.

## टप्पा १: समोर नक्की काय विकायला ठेवलंय ते ओळखा

दुकानात सगळ्यालाच डीएलसी म्हणतात. घेणाऱ्यानं मात्र त्याचे तीन ढीग करायचे.

पहिल्या ढिगात एक्सपान्शन: नवा प्रदेश, नवी कथा किंवा गेमचे नियमच बदलणारी भर. ‘द विचर ३’चे ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ हे याचं सरळ उदाहरण. दुसऱ्या ढिगात कंटेंट पॅक: एखादं पात्र, एखादी संस्कृती, दोन-चार मोहिमा. गेमचा गाभा तोच राहतो, त्यात विविधता येते. तिसऱ्या ढिगात दिखाऊ माल: कपडे, घोड्याचं खोगीर, साउंडट्रॅक, आर्टबुक.

सीझन पास आणि वेगवेगळ्या एडिशन हा चौथा ढीग नाही. ती या तीन ढिगांतल्या वस्तूंची गाठोडी आहेत, आणि गाठोड्याची किंमत करायची ती आतल्या पहिल्या ढिगावरून. पुढे डिलक्स एडिशनच्या यादीत अकरा वस्तू दिसल्या आणि त्यातल्या नऊ तिसऱ्या ढिगातल्या असल्या, तर ती दोन वस्तूंची एडिशन आहे असं धरून चाला.

याद्या फुगवायची आणखी एक पद्धत आहे. ‘द विचर ३’च्या कम्प्लीट एडिशनच्या वर्णनात दोन एक्सपान्शनसोबत १६ छोटी डीएलसी मोजलेली असतात. ती १६ कंपनीनं २०१५ मध्ये सगळ्यांनाच फुकट दिली होती, मूळ गेम घेणाऱ्यालाही मिळतात. तिथे पैसे पडतात ते मूळ गेम आणि दोन एक्सपान्शनचे. (ती दोन्ही एक्सपान्शन पैसे वसूल करून देतात, हा भाग वेगळा.)

## टप्पा २: एडिशनचं नाव विसरा, यादी उतरवा

‘गोल्ड’, ‘अल्टिमेट’, ‘कम्प्लीट’, ‘डेफिनिटिव्ह’ या शब्दांना कोणतीही ठरलेली व्याख्या नाही. प्रत्येक कंपनी, आणि कधी कधी तीच कंपनी दोन गेमांसाठी, त्यांचा वेगळा अर्थ लावते.

‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ बघा. त्याच्या सीझन पासमध्ये ‘रॅथ ऑफ द ड्रुइड्स’ आणि ‘द सीज ऑफ पॅरिस’ ही दोन एक्सपान्शन होती. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये आलेलं सर्वांत मोठं एक्सपान्शन ‘डॉन ऑफ रॅग्नारॉक’ पासमध्ये नव्हतं, ते वेगळं विकत घ्यावं लागलं. मग ‘रॅग्नारॉक एडिशन’ आली, तिच्यात मूळ गेम आणि ते नवं एक्सपान्शन होतं, पण सीझन पासमधली जुनी दोन नव्हती. नाव भारदस्त असूनही ती अर्धीच.

आता आपलं चालू उदाहरण. ‘सिव्हिलायझेशन ६’चा मूळ गेम ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. त्यावरची भर अशी:

- सहा छोटे पॅक: वायकिंग, पोलंड, ऑस्ट्रेलिया, पर्शिया-मॅसेडॉन, नुबिया आणि ख्मेर-इंडोनेशिया.
- ‘राइज अँड फॉल’, फेब्रुवारी २०१८: शहरांची निष्ठा, गव्हर्नर, सुवर्णयुग-अंधारयुग, आणि आठ नव्या संस्कृती. भारतासाठी गांधींच्या जोडीला चंद्रगुप्त मौर्य यातच येतो.
- ‘गॅदरिंग स्टॉर्म’, फेब्रुवारी २०१९: पूर, ज्वालामुखी, हवामानबदल, जागतिक काँग्रेस, मुत्सद्देगिरीनं जिंकण्याचा मार्ग, आणि आणखी आठ संस्कृती.
- ‘न्यू फ्रंटियर पास’, मे २०२० ते मार्च २०२१: टप्प्याटप्प्यानं आलेले सहा पॅक, त्यात नव्या संस्कृती आणि वेगळे गेम मोड.
- ‘लीडर पास’, नोव्हेंबर २०२२ पासून: फक्त नवे नेते आणि जुन्या नेत्यांची नवी रूपं.

यातल्या ‘प्लॅटिनम एडिशन’मध्ये मूळ गेम, दोन्ही एक्सपान्शन आणि सहा छोटे पॅक येतात. ‘अँथॉलॉजी’मध्ये त्यावर दोन्ही पास येतात. यादी समोर असली की दोन नावांतला फरक एका ओळीत सांगता येतो: अँथॉलॉजी म्हणजे प्लॅटिनम अधिक दोन पास. सवलतीच्या पानावर ही ओळ तुम्हाला सापडणार नाही, ती स्वतःच काढावी लागते.

तपासणी: यादी उतरवून झाली की प्रत्येक वस्तूपुढे ढीग एक, दोन किंवा तीन असा आकडा लिहा. एखाद्या वस्तूपुढे काय लिहावं ते कळत नसेल, तर तिचं स्वतःचं पान उघडून वाचेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: कशावर काय अवलंबून आहे ते बघा

इथे सर्वांत जास्त पैसे वाचतात आणि सर्वांत कमी लोक थांबतात. दोन प्रश्न विचारायचे.

एका डीएलसीला दुसरं लागतं का, किंवा एकात दुसऱ्याचा भाग आधीच आहे का? ‘गॅदरिंग स्टॉर्म’ घेतलंत की ‘राइज अँड फॉल’चे नियम, म्हणजे निष्ठा, गव्हर्नर, युगं, तुम्हाला आपोआप मिळतात. मिळत नाहीत त्या फक्त ‘राइज अँड फॉल’च्या संस्कृती आणि नेते. याचा अर्थ, ज्याला खेळाची पूर्ण यंत्रणा हवी आहे आणि कोणत्या संस्कृतीनं खेळायचं याची फारशी पडलेली नाही, त्याला एक्सपान्शन एकच पुरतं, आणि ते नंतरचं. लोक क्रमानं जायच्या सवयीनं आधी २०१८चं घेतात, मग २०१९चं.

उलट बाजूही आहे. ‘न्यू फ्रंटियर पास’ मूळ गेमवर लागतो, म्हणून काही जण एक्सपान्शन सोडून थेट तो घेतात. पण त्यातले काही मोड, उदाहरणार्थ ‘सीक्रेट सोसायटीज’, दोनपैकी एक एक्सपान्शन असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. पासचे पैसे पूर्ण द्यायचे आणि माल अर्धा वापरायचा, असा तो व्यवहार होतो.

त्या डीएलसीपर्यंत पोचायला मूळ गेममध्ये किती पुढे जावं लागतं? ‘एल्डन रिंग’चं एक्सपान्शन ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ २१ जून २०२४ रोजी आलं. त्यात शिरण्यासाठी आधी राडान आणि मोग हे दोन बॉस हरवावे लागतात. मोग तर मुख्य वाटेवर नाहीच, त्याला शोधत जावं लागतं आणि तो बराच उशिरा येतो. माझ्या भाच्याचं पात्र राडानच्याही बरंच अलीकडे होतं तेव्हा तो उत्साहानं म्हणाला, “मामा, सेल आहे, एक्सपान्शन आत्ताच घेऊन ठेवू का?” मी विचारलं, “मोगला पाडलंस का?” “तो कोण?” या प्रश्नातच उत्तर होतं. घेऊन ठेवण्यात नुकसान एवढंच की परताव्याची मुदत निघून जाते आणि पुढचा सेल, जो बहुतेक वेळा तितकाच चांगला असतो, हातातून सुटतो.

‘सायबरपंक २०७७’मध्ये ‘फँटम लिबर्टी’ मुख्य कथेतला व्हूडू बॉइजचा भाग संपल्यावर उघडतं. तिथे निदान नवा गेम सुरू करताना थेट एक्सपान्शनपाशी उडी मारायची सोय दिली आहे. पण त्यात एक वेगळाच खड्डा आहे: हे एक्सपान्शन प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी निघालेलंच नाही. मूळ गेम त्या कन्सोलवर चालतो म्हणून पुढचंही चालेल असं धरू नका.

इशारा: मित्रांसोबत खेळणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट बघायची. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये ज्या एक्सपान्शनच्या नियमांवर सामना लावायचा, ते एक्सपान्शन खेळणाऱ्या प्रत्येकाकडे लागतं. चौघांच्या गटात एकाकडे अँथॉलॉजी आणि तिघांकडे नुसता मूळ गेम असेल, तर सामना मूळ नियमांवरच होतो. अशा गटात एकानं सगळं घेण्यापेक्षा चौघांनी एकच एक्सपान्शन घेणं शहाणपणाचं.

## टप्पा ४: सीझन पास असेल तर तो तारखेवरून तोला

सीझन पासचे दोन अगदी वेगळे प्रकार एकाच नावानं विकले जातात, म्हणून त्याला वेगळा टप्पा.

ज्या पासमधलं सगळं बाहेर आलेलं आहे, तो पास म्हणजे साधं गाठोडं. टप्पा २ प्रमाणे यादी उतरवा आणि पुढे चला. ज्या पासमधलं काही यायचं आहे, तो म्हणजे आगाऊ दिलेले पैसे.

आगाऊ देणं नेहमी मूर्खपणाचं असतं असं मी म्हणणार नाही. ‘फॉलआउट ४’चा सीझन पास आधी ३० डॉलरचा होता, २०१६ मध्ये कंपनीनं तो वाढवून ५० डॉलरचा केला, आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांना जास्तीचे पैसे भरावे लागले नाहीत. पण असं क्वचित होतं. बहुतेक वेळा पास जुना होतो तसा स्वस्त होत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानं सगळं मिळून एक एडिशन येते, जी तुम्ही सुट्या भागांना मोजलेल्या पैशांपेक्षा कमीत पडते.

दुसरी गोष्ट, ‘सीझन पास’ म्हणजे त्या गेमचं सगळं, असं नाही. ‘बॉर्डरलँड्स ३’ला ‘सीझन पास’ आला आणि नंतर ‘सीझन पास २’ही आला. सुरुवातीला ‘सुपर डिलक्स’ घेणाऱ्यांकडे पहिलाच होता. पासच्या पानावर ‘किती’ आणि ‘कोणती’ हे दोन्ही लिहिलेलं हवं. नुसतं ‘येणारी रोमांचक सामग्री’ असेल तर पान बंद करा.

स्टीमनं नोव्हेंबर २०२४ पासून याबद्दल नियम केला आहे: सीझन पास विकणाऱ्यानं त्यात काय काय येणार आणि साधारण कधी येणार हे पानावर द्यायचं, आणि त्यातलं एखादं डीएलसी रद्द झालं तर ग्राहकाला त्याचे पैसे परत द्यायचे. त्यामुळे स्टीमच्या पानावर ते वेळापत्रक असतं. इतर दुकानांवर तेवढं स्पष्ट मिळेलच असं नाही.

तपासणी: पासमधली पहिल्या ढिगातली किती एक्सपान्शन *आज* खेळता येतात? उत्तर शून्य असेल तर थांबा, मग तो पास कितीही आवडत्या कंपनीचा असो.

## टप्पा ५: आता किंमत, आणि तीही दोनदा

पहिल्यांदा बघायची ती आजची किंमत नव्हे, जुनी. `SteamDB` आणि `IsThereAnyDeal` या दोन साइटवर गेमच्या किमतीचा इतिहास मिळतो. भारत निवडून रुपयांतला आलेख बघा, डॉलरचा नको. भारतातली किंमत डॉलरला ठरावीक दरानं गुणून येत नाही, कंपनी ती वेगळी ठरवते, म्हणून परदेशी व्हिडिओतला “आतापर्यंतचा सर्वांत स्वस्त” हा दावा आपल्याकडे लागू होईलच असं नाही.

आलेखात मूळ गेम आणि पूर्ण एडिशन शेजारीशेजारी बघा. दोन-तीन वर्षं जुन्या गेमात अनेकदा असं दिसतं की सेलमध्ये पूर्ण एडिशन ही एका एक्सपान्शनच्या सेलविनाच्या किमतीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून सेल नसताना सुटं एक्सपान्शन घेणं हा जवळजवळ नेहमीच सर्वांत महाग मार्ग असतो.

दुसऱ्यांदा बघायची ती तुमच्यासाठीची किंमत. स्टीमवर एकत्र विकलेल्या वस्तूंचे दोन प्रकार आहेत आणि वरवर ते सारखेच दिसतात. खरेदीच्या चौकटीत `Bundle info` असं बटण असेल तर तो बंडल आहे: त्यातलं जे तुमच्याकडे आधीच आहे त्याचे पैसे सहसा वजा होतात आणि उरलेल्या वस्तूंचेच द्यावे लागतात. `Package info` असेल तर ते पॅकेज आहे: तुमच्याकडे त्यातलं काही असो वा नसो, पूर्ण पैसे लागतात. मूळ गेम आधीच घेतलेला माणूस पॅकेजवर क्लिक करून तोच गेम पुन्हा घेतो, तो इथे.

इशारा: किंमत बघताना स्टीममध्ये लॉगिन केलेलं असू द्या. लॉगआउट अवस्थेत बंडलची पूर्ण किंमत दिसते आणि तुलना चुकते.

### भाच्याचा हिशेब

भाच्याकडे एपिकवर फुकटातला ‘सिव्हिलायझेशन ६’ आहे. त्याला पूर-ज्वालामुखीवाले नियम हवेत, आणि चंद्रगुप्तानं खेळायचं हा हट्ट आहे. म्हणजे ‘गॅदरिंग स्टॉर्म’ एकटं पुरत नाही, ‘राइज अँड फॉल’ही आलं. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, रोजचे भाव वेगळे असतील.

समजा, सेलच्या दिवशी एपिकवर ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ६०० आणि ‘राइज अँड फॉल’ ४५० रुपयांना आहे. एकूण १,०५०. त्याच दिवशी स्टीमवर प्लॅटिनम १,००० ला आणि अँथॉलॉजी १,४०० ला आहे. फुकट मिळालेला गेम सोडवत नाही म्हणून पहिला कल एपिककडे जातो. पण फुकट मिळालेल्या गेमची किंमत आता शून्य आहे, त्याला धरून बसण्यात काही वाचत नाही. प्लॅटिनम घेतलं तर ५० रुपये कमी आणि सहा छोटे पॅक जास्त. शिवाय स्टीम वर्कशॉपमधले मॉड एका क्लिकवर लागतात, ते एपिकवर नाही.

विरुद्ध बाजूला काय? एपिकवरचे अर्धवट सामने आणि अचीव्हमेंट आपोआप इकडे येणार नाहीत. त्याचं काही अडत नव्हतं. आणि अँथॉलॉजीसाठी आणखी ४०० रुपये? ते द्यायचे की नाही हे एका प्रश्नावर ठरवलं: पासमधले वेगळे मोड तू खेळणार का? त्यानं अजून एकही सामना शेवटपर्यंत खेळलेला नव्हता. “मग प्लॅटिनम,” मी म्हणालो, “पुढे मोड हवेसे वाटले तर पास सुटा मिळतोच.”

चंद्रगुप्ताचा हट्ट नसता तर उत्तर बदललं असतं. एपिकवर एकटं ‘गॅदरिंग स्टॉर्म’ ६०० रुपयांत, आणि तेच बरोबर. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक एकमेकांची खरेदी जशीच्या तशी उचलतात.

## टप्पा ६: डिस्क घेणार असाल तर

पीसीवाल्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. कन्सोलवाल्यांनी मात्र जेल रोडला किंवा कुठेही जुनी डिस्क घ्यायला जाण्याआधी हे वाचावं, कारण इथे फसलेले पैसे परत मिळत नाहीत.

डब्यावर ‘कम्प्लीट’ लिहिलेलं असलं तरी एक्सपान्शन डिस्कमध्येच असेल असं नाही. काही गेमांत ते डिस्कवर असतं. काहींत डब्यात एक कागद असतो आणि त्यावर एकदाच चालणारा कोड. पहिल्या मालकानं तो वापरला की तुमच्या हातात उरतो तो नुसता मूळ गेम, कम्प्लीटच्या किमतीत. दुकानदार खोटं बोलत असतो असं नाही, त्यालाही बहुधा ठाऊक नसतं. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात डाउनलोड, व्हाउचर किंवा कोड असा उल्लेख आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. असेल, तर ती डिस्क मूळ गेमच्याच भावानं मागा.

दुसरी अडचण प्रदेशाची. प्लेस्टेशनवर डिस्क ज्या प्रदेशाची, डीएलसीही त्याच प्रदेशाच्या दुकानातलं लागतं. अमेरिकेहून कुणी नातेवाइकानं आणलेली डिस्क आपल्या कन्सोलवर मजेत चालते, पण भारतीय खात्यातून घेतलेलं डीएलसी तिला सापडत नाही. डिस्कवर किंवा डब्याच्या कण्यावर प्लेस्टेशन ४ साठी `CUSA` आणि प्लेस्टेशन ५ साठी `PPSA` नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो शोधून डिस्क कोणत्या प्रदेशाची ते आधी पक्कं करा. परदेशी डिस्कवर पुढे एक्सपान्शन घ्यायचा विचार असेल, तर ती डिस्क घेऊच नका.

## टप्पा ७: घेतल्यावर पहिल्या तासात

पैसे दिले की काम संपलं असं समजून गेम महिनाभर बाजूला ठेवू नका. घेतल्याच्या दिवशीच तीन गोष्टी करा.

एक, पुन्हा `Properties` आणि `DLC` मध्ये जाऊन सगळ्या वस्तू आल्या आहेत आणि त्यांच्यापुढे खूण आहे हे बघा. दोन, गेमच्या आत जाऊन बघा. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये मुख्य मेनूतल्या `Additional Content` मध्ये प्रत्येक भर चालू-बंद करता येते, आणि नवा सामना मांडताना कोणत्या एक्सपान्शनचे नियम घ्यायचे ते वेगळं निवडावं लागतं. “घेतलं पण काहीच बदललं नाही” ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते: जुना सामना पुढे चालवलेला असतो आणि तो जुन्याच नियमांवर मांडलेला असतो. तीन, चुकीचं घेतलंय असं कळलं तर लगेच खेळणं थांबवा.

थांबवायचं अशासाठी की स्टीमवर परतावा दोन अटींवर मिळतो: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळून दोन तासांपेक्षा कमी झालेले असताना. डीएलसीच्या बाबतीत हे दोन तास *डीएलसी घेतल्यापासून* मूळ गेम किती खेळलात यावर मोजतात. आधीचे तीनशे तास त्यात धरले जात नाहीत. “माझे तास खूप झालेत, आता कुठला परतावा,” असं म्हणून अर्जच न करणारे मी बरेच पाहिले आहेत. बंडलमध्ये मात्र त्यातल्या सगळ्या वस्तूंचा मिळून वेळ दोन तासांच्या आत लागतो. अर्ज `help.steampowered.com` वर करायचा.

प्लेस्टेशनवर मुदत १४ दिवसांचीच आहे, पण अट जास्त कडक: डाउनलोड सुरू केलेलं नसावं. तिथे घेतल्याबरोबर आपोआप डाउनलोड होण्याची सोय चालू असेल तर तुम्ही काही न करताच ती अट मोडते. शंका असलेली खरेदी करण्याआधी कन्सोलच्या सेटिंगमधून ती सोय बंद करून ठेवा, यादी नीट वाचा, आणि मगच डाउनलोड दाबा.